हात प्लास्टरमध्ये, पेपर पुढच्या आठवड्यात

फेब्रुवारी उजाडला की तालुक्याच्या गावी हाडांच्या डॉक्टरांकडे दहावी-बारावीची एखाद-दोन मुलं हात गळ्यात अडकवून बसलेली दिसतात. कुणी स्कूटीवरून घसरलेलं असतं, कुणी निरोपसमारंभाच्या दिवशी मैदानात पडलेलं. डॉक्टर एक्स-रे उजेडात धरून हाड कुठे मोडलंय ते दाखवत असतात आणि आईवडिलांचं तिकडे लक्षच नसतं. त्यांना एवढंच विचारायचं असतं, "डॉक्टर, पेपरापर्यंत निघेल ना प्लास्टर?"

बहुतेक वेळा निघत नाही. मनगटाजवळचं हाड मोडलं तर पाच-सहा आठवडे प्लास्टर राहतं. अंगठ्याच्या मुळाशी मनगटात एक छोटं, होडीच्या आकाराचं हाड असतं. ते मोडलं तर दोन-तीन महिनेही लागतात, कारण त्याला रक्तपुरवठा कमी. प्लास्टर निघालं तरी लगेच पेन धरता येत नाही. मनगट आखडलेलं असतं, पकड सैल पडलेली असते. तीन तास सलग लिहिण्याएवढं बळ यायला आणखी काही आठवडे जातात. "परीक्षेच्या आदल्या दिवशी प्लास्टर काढून टाकू" हा घरोघरी सुचणारा उपाय म्हणूनच खोटा आहे. त्यात जुळत आलेलं हाड पुन्हा सरकण्याचा धोका असतो आणि अक्षरही येत नाही.

मग उरतो तो लेखनिक, म्हणजे विद्यार्थ्यानं सांगायचं आणि दुसऱ्यानं लिहायचं. जोडीला वाढीव वेळ. ही सोय मिळते हे बऱ्याच जणांना ठाऊक असतं. ती कोणत्या नात्यानं मिळते हे मात्र फारसं कुणी विचारत नाही आणि अर्ज तिथेच फसतो.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ साली आला. त्याच्या १७व्या कलमात दिव्यांग विद्यार्थ्यांना परीक्षेत जादा वेळ आणि लेखनिक देण्याचा उल्लेख आहे. पण त्याच कायद्याच्या व्याख्येनुसार दिव्यांगत्व दीर्घकालीन असावं लागतं. सहा आठवड्यांत बरं होणारं फ्रॅक्चर त्यात बसत नाही. केंद्र सरकारनं २९ ऑगस्ट २०१८ रोजी लेखनिकाबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या, त्या ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असणाऱ्यांसाठी होत्या. पुढे विकास कुमार नावाच्या उमेदवारानं केंद्रीय लोकसेवा आयोगाविरुद्ध दाद मागितली. लिहायला लागलं की हाताला पेटके येणारा विकार त्यांना होता. ११ फेब्रुवारी २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की लेखनिकाची सोय ४० टक्क्यांच्या रेषेत कोंडून ठेवता येणार नाही. त्यानंतर १० ऑगस्ट २०२२ रोजी ४० टक्क्यांहून कमी दिव्यांगत्व असलेल्या आणि लिहिताना अडचण येणाऱ्या उमेदवारांसाठी वेगळ्या सूचना निघाल्या. एवढं सगळं झालं तरी प्लास्टरमधला हात या चौकटीच्या बाहेरच राहिला.

म्हणजे अपघातात हात मोडलेल्या मुलाला मिळते ती परीक्षा मंडळानं आपल्या अधिकारात, त्याची अडचण बघून दिलेली परवानगी. सीबीएसईच्या नियमांत ऐनवेळच्या आजारपणामुळे लिहिता न येणाऱ्या विद्यार्थ्याला लेखनिक देण्याची तरतूद आहे. आपल्या राज्य मंडळातही विभागीय मंडळं अशा मुलांना परवानगी देत आली आहेत. पण टक्केवारीचं प्रमाणपत्र पुढे करून "हा माझा हक्क" म्हणता येत नाही. मंडळाला पटवावं लागतं आणि ते कागदावर पटवावं लागतं. मला विचाराल तर या मुलांसाठी एक स्पष्ट, छापील, मुदतीसह नियम असायला हवा. तो होईपर्यंत कागद चोख असणं हाच आधार.

एक उदाहरण घेऊ. समजा, वाई तालुक्यातल्या एका गावातली दहावीची मुलगी पहिल्या पेपराच्या अकरा दिवस आधी पडली आणि उजव्या मनगटाजवळचं हाड मोडलं. खासगी डॉक्टरांनी सूज होती म्हणून आधी कच्चं प्लास्टर घातलं आणि चार दिवसांनी पक्कं. त्यांनी लिहून दिलेल्या चिठ्ठीत काय असतं? उजव्या मनगटाचं फ्रॅक्चर, प्लास्टर, सहा आठवडे विश्रांती. वैद्यकीयदृष्ट्या हे पुरेसं आहे, अर्जासाठी नाही.

मंडळाच्या कार्यालयातला माणूस हाडाचा डॉक्टर नसतो. त्याला तीन गोष्टी कळायला हव्यात. मुलगी कोणत्या हातानं लिहिते? त्या हातानं तिला लिहिता येतं का? आणि ही स्थिती कोणत्या तारखेपर्यंत राहील? पहिली गोष्ट इतकी उघड वाटते की कुणी लिहीतच नाही. पण डावखुऱ्या मुलाचा उजवा हात मोडला तर त्याला लेखनिक लागत नाही. त्यामुळे फाइल हाताळणाऱ्याला शंका येणं रास्तच आहे. तिसरी गोष्ट त्याहून जास्त निसटते. "सहा आठवडे" म्हटलं की कार्यालयात कुणीतरी बोटं मोजत बसतं. "अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत" असं लिहिलं आणि शेवटचा पेपर त्या मुदतीत बसला की विषय संपला.

तेव्हा दाखल्यात एक वाक्य हवंच: 'सदर विद्यार्थिनी उजव्या हाताने लिहिते, उजव्या मनगटाच्या अस्थिभंगामुळे व प्लास्टरमुळे ती या कालावधीत स्वतः लिहिण्यास असमर्थ आहे.' हा दाखला सरकारी रुग्णालयाचा असलेला बरा. बहुधा तोच मागितला जातो. जिल्हा शल्यचिकित्सकांची, लोकांच्या भाषेत सिव्हिल सर्जनची, सही असेल तर प्रश्नच उरत नाही. आपल्या मुलीच्या बाबतीत म्हणजे साताऱ्याचं जिल्हा रुग्णालय. तिथे जाताना मुलीला बरोबर न्यायचं, एक्स-रेची मूळ फिल्म न्यायची, खासगी डॉक्टरांचा कागद आणि हॉल तिकिटाची प्रत न्यायची. सकाळी ओपीडीच्या वेळेत गेलं तर एका दिवसात काम होऊ शकतं; दुपारी पोचलं तर दुसरी खेप ठरलेली. गावात हाड बसवणाऱ्याकडे आधी गेला असाल तर त्याच्या चिठ्ठीला इथे काडीची किंमत नाही. आणि हाडही एकदा एक्स-रेत पाहून घ्यावं, ते वेगळंच.

आता अर्ज. पालकानं थेट मंडळाला पत्र पाठवलं तर ते बहुतेक शाळेकडे परत येतं. अर्ज मुख्याध्यापकांच्या शिफारशीनं विभागीय सचिवांकडे जातो. साताऱ्यासाठी कोल्हापूर विभाग, पुणे, अहिल्यानगर आणि सोलापूरसाठी पुणे विभाग. राज्यात अशी नऊ विभागीय मंडळं आहेत. मजकूर चार ओळींचा असावा, त्यात करुणा नको:

'मी, सदर विद्यार्थिनीची आई, विनंती करते की, माझी मुलगी (बैठक क्रमांक, शाळा, केंद्र) हिच्या उजव्या मनगटास अस्थिभंग झाला असून ती उजव्या हाताने लिहिते. जिल्हा रुग्णालयाचा दाखला जोडला आहे. त्यानुसार ती शेवटच्या पेपरापर्यंत लिहू शकत नाही. तरी तिला सर्व लेखी विषयांसाठी (१) लेखनिक आणि (२) दर तासास २० मिनिटे वाढीव वेळ, अशा दोन्ही सवलती मंजूर कराव्यात. लेखनिक म्हणून इयत्ता नववीतील विद्यार्थिनीचे व पर्यायी लेखनिकाचे तपशील सोबत आहेत.'

यात 'दोन्ही' हा शब्द कामाचा आहे. लेखनिक आणि वेळ या दोन वेगळ्या मागण्या आहेत. "लेखनिक मिळावा" एवढंच लिहिलं तर परवानगीपत्रातही तेवढंच येतं. मग परीक्षेच्या दिवशी तीन तास संपले की पर्यवेक्षक उत्तरपत्रिका मागतात, आणि त्यांची काही चूक नसते. उलटही घडतं. करंगळीकडच्या तळहाताचं हाड मोडलेल्या मुलाला कधी कधी अंगठा आणि दोन बोटं मोकळी असतात. त्याला सावकाश लिहिता येतं. त्यानं लेखनिक न घेता फक्त वेळ मागावी, कारण स्वतःच्या हातानं लिहिलेलं उत्तर कधीही बरं. हा निर्णय घरी बसून घेऊ नये. डॉक्टरांना विचारून अर्धा तास लिहून बघावं. बोटं सुजली, मुंग्या आल्या की समजावं, लेखनिकच हवा.

दर तासाला २० मिनिटं हे प्रमाण केंद्राच्या सूचनांत दिव्यांगांसाठी किमान म्हणून दिलेलं आहे. त्याच मापानं मागावं. तीन तासांच्या पेपराला एक तास, दोन तासांच्या पेपराला चाळीस मिनिटं. २०२३ पासून राज्य मंडळ सगळ्याच मुलांना पेपराच्या शेवटी दहा मिनिटं जास्त देतं, ती वेगळी. म्हणजे मराठीच्या ८० गुणांच्या पेपराला आपल्या मुलीला चार तास दहा मिनिटं मिळू शकतात. आणि इथे एक अगदी साधी अडचण उभी राहते. दुपारी तीनचा पेपर असेल तर तो सव्वासातला संपणार. तोवर गावाकडची एसटी निघून गेलेली असते. परवानगी हातात असूनही "राहू दे, सहाला उठू" म्हणणारी मुलं असतात, ती या एसटीमुळे. हा प्रश्न घरच्यांनी आधी सोडवायचा.

लेखनिक कोण हवा? नियमाचं सूत्र असं की तो परीक्षार्थीपेक्षा किमान एक इयत्ता खालचा असावा. दहावीला नववीचा, बारावीला अकरावीचा. कारण सरळ आहे, त्याला उत्तरं येता कामा नयेत. त्याच्या शाळेचा बोनाफाइड दाखला, फोटो, ओळखपत्र आणि त्याच्या पालकांचं संमतिपत्र जोडावं. पालकांची संमती घेताना खरं सांगावं: तीन आठवडे, जवळपास प्रत्येक पेपराला, अर्धा दिवस. नववीच्या मुलीची स्वतःची वार्षिक परीक्षा पुढे असते आणि तिच्या आईला हे तिसऱ्या दिवशी कळलं तर चौथ्या दिवशी लेखनिक येत नाही. म्हणून पर्यायी नाव आधीच द्यायचं. केंद्राच्या २०१८च्या सूचनांत, विशेषतः भाषांच्या पेपरांसाठी, वेगळे लेखनिक घेण्याची मुभा आहे. संस्कृत किंवा हिंदीला ती भाषा लिहिण्याची सवय असलेली मुलगी लागते. त्यामुळे अर्जातच तशी मागणी करून ठेवलेली बरी.

निवडताना बहुतेक लोक सुंदर अक्षराच्या मागे लागतात. मी म्हणेन, वेगात वाचता येईल असं अक्षर आणि तोंड बंद ठेवण्याची सवय, या दोन गोष्टी बघा. हुशार लेखनिक धोक्याचा असतो. तो वाक्य मध्येच स्वतःच्या मनानं सुधारतो, आणि पर्यवेक्षकाला वाटतं की तोच उत्तर देतोय. घरातलं भावंडं तर टाळावंच. भांडण पेपरात होतं.

अर्ज शाळेनं ई-मेलनं पाठवला तरी एक प्रत हातोहात द्यावी आणि आवक शिक्क्याची पोच घ्यावी. परवानगीपत्र आलं की त्यावरचा जावक क्रमांक, बैठक क्रमांक, विषय, लेखनिकाचं नाव आणि वाढीव वेळ, सगळं तिथल्या तिथे वाचून घ्यावं. बैठक क्रमांकातला एक आकडा चुकला तरी केंद्रावर अडतं. मग पत्राची प्रत पहिल्या पेपराच्या आधी केंद्र संचालकांना नेऊन द्यायची. त्यांना वेगळी खोली आणि वेगळा पर्यवेक्षक नेमायचा असतो, कारण सांगून लिहवणाऱ्या मुलीला बाकीच्यांत बसवता येत नाही. ऐन सकाळी साडेदहाला पत्र दाखवलं तर ते व्यवस्था करतीलही, पण पहिली वीस मिनिटं बाक शोधण्यात जातील.

हे सगळं आधीच का करायचं, याचं एक कडू उदाहरण २०२१चं आहे. लेखनाच्या अडचणीचं, ४० टक्के दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र असलेल्या एका विद्यार्थिनीला नीट परीक्षेत मुंबईतल्या केंद्रावर जादा तास मिळालाच नाही. वेळ झाली म्हणून उत्तरपत्रिका घेतली गेली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. नोव्हेंबर २०२१मध्ये न्यायालयानं परीक्षा घेणाऱ्या संस्थेला खडसावलं, झालेला अन्याय कसा दूर करता येईल ते बघायला सांगितलं. पण पुन्हा परीक्षा घेण्याचा आदेश दिला नाही. तिचा तर कायद्यानं हक्क होता. ज्याला सवलत म्हणूनच वेळ मिळालीय, त्यानं पर्यवेक्षकानं उत्तरपत्रिका उचलण्याआधीच केंद्र संचालकांना बोलवावं, पत्र दाखवावं. नंतर काही परत मिळत नाही.

कागद झाले. आता उरलेल्या पाच-सहा दिवसांतली खरी मेहनत, आणि ती कुणीच करत नाही. तोंडी सांगून लिहवणं हे वेगळं कौशल्य आहे. दहा वर्षं मूल हातानं विचार करायला शिकलेलं असतं. वाक्य लिहिता लिहिता पुढचं सुचतं. सांगताना ते आधी पूर्ण सुचावं लागतं. पहिल्या सरावात मुलं हमखास अडखळतात, "म्हणजे... नाही, ते खोड" असं चालतं, आणि तासाभरात दोन उत्तरं होतात. दोन-तीन पूर्ण पेपर त्याच लेखनिकाबरोबर घड्याळ लावून सोडवले की वेग बसतो. विरामचिन्हं बोलायची, नवा परिच्छेद बोलायचा, कोणत्या शब्दाखाली रेघ तेही बोलायचं. अवघड शब्द ऱ्हस्व-दीर्घासह फोडून सांगायचा. इंग्रजीच्या पेपरात तर नववीच्या मुलीला न येणारा शब्द अक्षर-अक्षर सांगावाच लागतो.

गणितात गोष्ट आणखी नाजूक. "एक छेद एक्स अधिक दोन" असं सांगितलं तर लेखनिक काय लिहील? छेदात फक्त एक्स घेऊन पुढे दोन मिळवेल, की एक्स अधिक दोन सगळंच छेदात टाकेल? दोन्ही बरोबर आहेत आणि त्यातलं एक चूक. म्हणून घरीच खुणा ठरवायच्या: "कंस सुरू", "कंस पूर्ण", "छेदात सगळं". विज्ञानात "सी ओ" म्हटलं आणि दुसरं अक्षर लहान लिहिलं गेलं की कार्बन मोनॉक्साइडचा कोबाल्ट होतो. दोन्ही अक्षरं मोठी हवीत, हे सांगणं परीक्षार्थीचं काम.

भूमितीची रचना ही सगळ्यांची भीती. पण ती पायऱ्यांनी सांगता येते. वर्तुळाबाहेरच्या बिंदूतून स्पर्शिका काढायच्या आहेत असं धरा. "केंद्र ओ घे. कंपासमध्ये ३.४ सेंटिमीटर. वर्तुळ काढ. ओपासून ७ सेंटिमीटरवर बिंदू पी. ओपी जोड. ओपीचा लंबदुभाजक काढ. जिथे छेदतो तो एम. आता एम केंद्र, एम-ओ एवढी त्रिज्या, वर्तुळ. दोन्ही वर्तुळं छेदतात ते बिंदू ए आणि बी. पी-ए, पी-बी रेषा वाढव." लंबदुभाजक काढणं नववीच्या मुलीला येतंच, तेवढं हातकौशल्य तिच्यापाशी असतं. रचना आपली, हात तिचा. जीवशास्त्राची आकृती मात्र अशी सांगता येत नाही. तिथे साधी बाह्यरेषा काढून घ्यावी आणि नावं अचूक सांगावीत. आकृती देखणी करण्यात वेळ घालवू नये.

पानावर नजर ठेवण्याचं काम परीक्षार्थीचंच. प्रश्नपत्रिका तो स्वतः वाचू शकतो, डोळ्यांना काही झालेलं नाही. तेव्हा लेखनिक एक वाक्य लिहीत असताना पुढचा प्रश्न वाचून घ्यायचा आणि ते पूर्ण झालं की नजर फिरवायची. वाढीव वेळेतली शेवटची वीस मिनिटं नवं लिहिण्यासाठी नव्हे, लिहिलेलं वाचण्यासाठी ठेवावीत. उपप्रश्नाचा क्रमांक चुकीचा पडणं ही लेखनिकाकडून सर्वांत जास्त होणारी चूक, आणि ती फक्त अशा वाचनात सापडते.

प्रात्यक्षिक परीक्षा लेखीच्या आधी असतात. हात त्याच काळात मोडला असेल तर शाळेला लगेच कळवावं. लेखी परीक्षेनंतर 'आउट ऑफ टर्न' प्रात्यक्षिकाची सोय मंडळ करत असतं. लेखीचे काही पेपर काही केल्या जमलेच नाहीत तर जून-जुलैची पुरवणी परीक्षा आहे. अर्थात अकरावीच्या प्रवेशफेऱ्या तोवर बऱ्याच पुढे गेलेल्या असतात, म्हणून तो शेवटचा मार्ग.

निकाल लागल्यावर एखाद्या विषयात गुण अपेक्षेपेक्षा फार कमी दिसले तर मंडळाकडून उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवता येते आणि त्यानंतर पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करता येतो. मात्र परीक्षक कागदावर जे आहे तेच तपासतो. मुलीनं बरोबर सांगितलं होतं आणि लेखनिकानं चुकीचं लिहिलं, हा मुद्दा तिथे ऐकला जात नाही.